न्यूमनवरून फिशर काढताना एक सेंटर उलटतंय, नक्की कुठे चुकतंय?

शंकासुर_टीवाय
नमस्कार मंडळी. टीवाय बीएस्सीला आहे, ऑर्गॅनिकच्या एका प्रश्नावर काल रात्री दोन तास गेले आणि उत्तर काही जुळत नाहीये. रेणू आहे 3-ब्रोमोब्युटेन-२-ऑल. न्यूमन दिलाय तो असा, घड्याळ समजून वाचा: पुढचा कार्बन C2, त्यावर CH3 बारावर, OH चारवर, H आठवर. मागचा कार्बन C3, त्यावर CH3 सहावर, Br दहावर, H दोनवर. याचं फिशर काढा आणि R/S लिहा, एवढाच प्रश्न.

मी काय केलं, OH उजवीकडे दिसतोय म्हणून उजवीकडे लिहिला, Br डावीकडे दिसतोय म्हणून डावीकडे, CH3 वर एक आणि खाली एक. दिसायला एकदम मस्त. R/S काढलं तर (2S,3S) आलं. क्लासच्या उत्तरात (2S,3R) आहे आणि फिशरमध्ये OH आणि Br दोन्ही उजवीकडे आहेत. क्लासला विचारलं तर "पुन्हा काढ, येईल" असं उत्तर मिळालं. पुन्हा काढलं, पुन्हा तेच आलं. C2 बरोबर येतोय, C3 तेवढा उलटा येतोय. का??

बीकर_फोड्या
अरे सोपंय. तुझा न्यूमन स्टॅगर्ड आहे, फिशर म्हणजे एक्लिप्स्ड असतं, आधी फिरवायला पाहिजे. मी नेहमी दोन्ही CH3 खाली सहावर आणतो आणि वरून बघतो, मग जे डावीकडे ते डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे. तुझ्या केसमध्ये मागचा CH3 सहावर आहेच, पुढचा कार्बन १८० फिरव, OH जाईल दहावर, H दोनवर. आता OH आणि Br दोन्ही दहावर म्हणजे डावीकडे. C2 वर लिही, C3 खाली लिही, दोघांना डाव्या बाजूला टाक, झालं. ५ सेकंदाचं काम.

शंकासुर_टीवाय
@बीकर_फोड्या फिरवायचं राहिलं होतं हे पटलं, थँक्स. पण दादा तुझ्यासारखं काढून R/S केलं तर (2R,3S) येतंय. म्हणजे आता दोन्ही उलटे. आधी अर्धा चुकत होतो, आता पूर्ण चुकलो 😅

बीकर_फोड्या
मग R/S काढताना चुकत असशील, H आडवा असला की उत्तर उलटं करायचं असतं, ते केलंस का?

शंकासुर_टीवाय
केलं. तीनदा केलं.

निवृत्त_बाई
शंकासुर, तुझं R/S बरोबर आहे, बीकरचं चित्र चुकलंय. आणि बीकर, तुझं निम्मं अगदी बरोबर आहे म्हणूनच ते निम्मं चुकलेलं सापडत नाहीये. तीस वर्षं पेपर तपासले, या दोन चुका इतक्या वेळा बघितल्या आहेत की आकृती बघूनच कळतं पोराने कुठे घाई केली.

फिशरमध्ये उभ्या रेषा म्हणजे आपल्यापासून लांब जाणारे बंध आणि आडव्या म्हणजे आपल्याकडे येणारे. म्हणजे दोन्ही टोकांचे CH3 पाठीमागे गेलेले हवेत. स्टॅगर्ड न्यूमनमध्ये तुझा एक CH3 वर आहे नि एक खाली, ते दोन्ही एकाच वेळी पाठीमागे जाऊच शकत नाहीत. म्हणून मागचा कार्बन फिरवायचा. फिरवायचा म्हणजे त्यावरचे तिन्ही गट एकदम, तेवढ्याच कोनातून. नुसता CH3 उचलून वर ठेवला आणि बाकीचे दोघे जागच्या जागी सरकवले की झाला घोळ, ते फिरवणं नाही, ती अदलाबदल झाली. तुझ्यात १८० अंश फिरव: CH3 सहावरून बारावर, Br दहावरून चारवर, H दोनवरून आठवर. आता बघ, CH3 मागे CH3, OH मागे Br, H मागे H. बंध तुटला नाही, फक्त फिरला, कॉन्फिगरेशन तसंच.

आता ही पुढची पायरी मुलं मनातल्या मनात करतात आणि तिथेच फसतात. न्यूमनमध्ये आपण बंधाच्या रेषेत बघतोय, फिशरमध्ये बाजूने बघायचंय, म्हणजे रेणू कलता करायला हवा. दोन्ही CH3 वर बारावर आहेत ना, त्यांना आपल्यापासून लांब, मागे झोपव. तसं करताना पुढचा कार्बन आपोआप वर उचलला जातो आणि मागचा खाली जातो. पाळण्याचा दांडा जसा डावी-उजवीकडे आडवा असतो तसा हा कलण्याचा आस डावी-उजवीकडे आहे, त्यामुळे उजवीकडचं उजवीकडेच राहतं. म्हणून C2 वर, OH उजवीकडे. C3 खाली, Br उजवीकडे.

```
       CH3
        |
   H ---C--- OH
        |
   H ---C--- Br
        |
       CH3
```

बीकरने CH3 खाली घेतले. काही हरकत नाही. पण मग त्यांना मागे झोपवायचं तर रेणू उलट्या बाजूने कलतो, वरची बाजू आपल्याकडे येते आणि पुढचा कार्बन खाली जातो. म्हणजे त्याच्या पद्धतीत C3 वर लिहायचा, C2 खाली. त्याने सवयीने पुढचा कार्बन वर लिहिला. तिथे आरशातला रेणू तयार झाला.

बीकर_फोड्या
थांबा थांबा. माझ्या पद्धतीने C3 वर लिहिला तर Br वर डावीकडे, OH खाली डावीकडे येणार. तुमच्या चित्रात तर दोघं उजवीकडे आहेत. मग दोन वेगळी उत्तरं झाली की.

निवृत्त_बाई
कागद १८० अंशात फिरवून बघ.

बीकर_फोड्या
...बरं. तेच आहे. 🙈 फिशर कागदावर १८० फिरवलेलं चालतं, ९० फिरवलेलं चालत नाही हे पाठ होतं, कधी वापरायची वेळ आली नव्हती.

फार्मसीवाला_अण्णा
मला वाटतं सगळे उगीच घोळ घालताय. दोन गट एकाच बाजूला असले की दोन्ही R किंवा दोन्ही S, विरुद्ध बाजूला असले की एक R एक S. एवढं बघितलं की कळतं ना उत्तर जुळलं की नाही? आमच्या बी फार्मला एफेड्रिन होतं तेव्हा असंच करायचो.

निवृत्त_बाई
अण्णा, नेमकं एफेड्रिनच तुमच्या विरोधात साक्ष देतंय. ते एरिथ्रो, म्हणजे दोन्ही गट एका बाजूला, आणि त्याचं नाव (1R,2S). विरुद्ध बाजूवाला स्यूडोएफेड्रिन (1S,2S). बाजू आणि अक्षर यांचा थेट संबंध नाही, अक्षर प्राधान्यक्रमावर ठरतं. इथेही बघा, OH आणि Br एका बाजूला आहेत आणि नाव (2S,3R).

फार्मसीवाला_अण्णा
अरे हो की. वीस वर्षं दुकानात बसल्यावर असंच होतं. बाकी एक सांगा, आमच्या वहीत एफेड्रिनचा न्यूमन असा होता की फिनाइल आणि CH3 समोरासमोर नव्हते, शेजारी शेजारी होते. तिथेही १८० फिरवायचं का? मी फिरवायचो आणि कधी जुळायचं, कधी नाही.

निवृत्त_बाई
नाही हो, १८० हा मंत्र नाही. साखळीची दोन टोकं एकावर एक येईपर्यंत फिरवायचं, मग ते ६० असो, १८० असो. शेजारी असतील तर ६० लागतात. १८० फिरवलंत तर टोकाच्या मागे दुसराच कुठला तरी गट येतो, तो उभ्या रेषेवर बसतो आणि पुढचं सगळं बिघडतं.

कणिक_आणि_काड्या
मी शिक्षिका नाही, मुलगा अकरावीत असताना त्याच्याबरोबर बसून शिकले. आम्ही कणकेचे दोन गोळे आणि टूथपिक घेतले होते. OH म्हणजे हळद लावलेली छोटी गोळी, Br ला कुंकू, CH3 ला नुसती मोठी गोळी, H म्हणजे टोकावर काहीच नाही. मधल्या टूथपिकवर मागचा गोळा फिरवला की बाईंनी सांगितलं तसं तिन्ही एकदम फिरतात, वेगळं काही करताच येत नाही, हा फायदा. मग दोन्ही मोठ्या गोळ्या वर करून पुढचं टोक उचललं की हळद आणि कुंकू दोन्ही उजव्या हाताला आपल्याकडे बघत असतात. एकदा हातात धरलं की कागदावर चुकत नाही. फक्त कणिक घट्ट मळा, आमच्या मिथाइल गटांनी पाच मिनिटांत माना टाकल्या होत्या.

शंकासुर_टीवाय
@निवृत्त_बाई आता चित्र कळलं. पण परीक्षेत कणिक नेता येणार नाही 😀 उत्तर बरोबर आलं हे तपासायचं कसं? मी न्यूमनवरच R/S काढायला बघितलं पण तिथे H मागेही नसतो नि पुढेही नसतो, बाजूला असतो, मग काय करायचं कळत नाही.

निवृत्त_बाई
न्यूमनवर आधी R/S काढायचं, नंतर फिशरवर स्वतंत्रपणे काढायचं, आणि दोन्ही जुळवायचे. हीच तपासणी. न्यूमनवरचं पाहिल्याशिवाय फिशरवरचं लिहून उपयोग नाही कारण फिशर चुकला असेल तर R/S पण त्या चुकलेल्या चित्राचंच निघतं.

न्यूमनवर मी असं करते. C2 घे. त्याचे चार गट: OH पहिला, C3 दुसरा (त्यावर Br आहे म्हणून CH3 पेक्षा वरचढ), CH3 तिसरा, H चौथा. आपल्यापासून लांब गेलाय तो C3, हवा होता H. मग मनातल्या मनात या दोघांची जागा बदल. आता H मागे, आणि आठवर C3. OH चारवर, C3 आठवर, CH3 बारावर: चार, आठ, बारा, घड्याळाच्या दिशेने, म्हणजे R. पण आपण एक अदलाबदल केली होती, म्हणून खरं उत्तर S.

C3 ला पहिला Br, दुसरा C2, तिसरा CH3, चौथा H. इथे C2 आपल्या दिशेने आहे. पुन्हा C2 आणि H ची अदलाबदल: C2 दोनवर, H आपल्याकडे. Br दहावर, C2 दोनवर, CH3 सहावर, हेही घड्याळाच्या दिशेने. H आपल्याकडे आहे म्हणून एकदा उलटं, अदलाबदल केली म्हणून पुन्हा एकदा उलटं. दोनदा उलटं म्हणजे होतं तसंच, R. तर (2S,3R).

फिशरवर: C2 ला OH उजवीकडे, C3 खाली, CH3 वर. उजवीकडून खाली आणि मग वर, घड्याळाच्या दिशेने, H आडवा म्हणून उलट, S. C3 ला Br उजवीकडे, C2 वर, CH3 खाली, घड्याळाच्या उलट, H आडवा म्हणून R. जुळलं.

आणि न जुळलं तर काय न जुळलं ते बघायचं. तुझ्यासारखं एकच सेंटर उलटलं तर फिरवण्यात चूक आहे, एक कार्बन फिरवायचा राहिला किंवा त्यावरचे दोन गट आपापसात बदलले गेले. बीकरसारखी दोन्ही उलटली तर फिरवणं बरोबर आहे, बघण्याची बाजू चुकली. पहिल्यात डायस्टेरिओमर मिळतो, दुसऱ्यात एनँशिओमर.

बीकर_फोड्या
बाई हे भारी आहे. म्हणजे मला इतकी वर्षं कळलंच कसं नाही याचं उत्तर पण मिळालं, मी सराव सगळा 2,3-डायब्रोमोब्युटेनच्या मेसोवर केला होता. त्यात आरशातला रेणू आणि मूळ रेणू एकच, त्यामुळे माझी पद्धत दरवेळी बरोबरच यायची.

निवृत्त_बाई
अगदी. मेसोवर बघण्याच्या बाजूची चूक कधी सापडतच नाही. दोन्ही कार्बनवर वेगवेगळे गट असलेला रेणू घेऊनच सराव करावा, म्हणून पेपर काढताना मीही 3-ब्रोमोब्युटेन-२-ऑलच द्यायचे.

रात्रीचा_वाचक
मला एक मूलभूत शंका आहे. एक्लिप्स्ड तर अस्थिर असतं, ऊर्जा जास्त असते, मग रेणू तसा राहतच नाही ना. मग जी अवस्था नाहीच तिचं चित्र काढून आपण स्टिरिओकेमिस्ट्री "जपली" असं कसं म्हणतो?

निवृत्त_बाई
राहत नाही, बरोबर. फिशरचं चित्र रेणू कसा बसलाय हे सांगतच नाही, कुठला गट कुठल्या सेंटरला कुठल्या क्रमाने जोडलाय एवढंच सांगतं. एमिल फिशरने १८९१ मध्ये ते शर्करांसाठी काढलं तेव्हा कॉन्फर्मेशन हा प्रश्नच कोणी विचारत नव्हतं. मेल्विन न्यूमनची पद्धत त्यानंतर साठेक वर्षांनी आली, ती बरोब्बर याच गोष्टीसाठी, फिरण्यासाठी. एकाला दुसऱ्याचं काम सांगू नका.

रात्रीचा_वाचक
हं. पटलं असं म्हणतो, पण मग शिकवताना दोन्ही कशाला हा प्रश्न राहतोच माझा. रेषा-पाचर वाल्या आकृत्या आहेत की.

प्रोसेस_केमिस्ट_वापी
कारण या रेणूवर दोन्ही लागतात. शंकासुर, तुझ्या प्रश्नाचा पुढचा भाग "HBr बरोबर काय मिळेल" असा आहे का? बहुतेक असणार.

शंकासुर_टीवाय
हो!! आहे. तुम्हाला कसं कळलं?

प्रोसेस_केमिस्ट_वापी
कारण न्यूमन मुद्दाम तसा काढलाय. OH चारवर, Br दहावर, बरोब्बर विरुद्ध. विन्स्टाइन आणि लुकास यांचं १९३९ चं काम आहे. OH ला प्रोटॉन लागून पाणी बाहेर पडतं तेव्हा शेजारचा Br पाठीमागून मदत करतो आणि तीन सदस्यांचं ब्रोमोनियम कडं तयार होतं. त्यासाठी Br हा OH च्या पाठीमागेच हवा, आणि ते तुझ्या न्यूमनमध्ये सरळ दिसतं, फिशरमध्ये दिसणारच नाही, तिथे तर दोघं शेजारी बसलेत. मग ब्रोमाइड विरुद्ध बाजूने येऊन कडं उघडतो. दोनदा उलटं झाल्यामुळे एकूण कॉन्फिगरेशन टिकतं आणि एरिथ्रोपासून मेसो डायब्रोमाइड मिळतो. फिशरमध्ये फक्त OH च्या जागी Br लिही, दोन्ही Br उजवीकडे, मेसो डोळ्याला दिसतो.

आता गंमत बघ. तू पहिल्यांदा जे काढलं होतंस, Br डावीकडे वालं, ते थ्रिओ. त्यापासून रेसेमिक डायब्रोमाइड मिळतो. म्हणजे मागचा कार्बन फिरवायचा विसरलास तर फिशर चुकतंच, पुढच्या भागातलं उत्पादनही चुकतं आणि दोन्ही भागांचे मार्क जातात.

फार्मसीवाला_अण्णा
आणि बीकरवाली चूक केली असती तर?

प्रोसेस_केमिस्ट_वापी
तर उत्पादन बरोबर आलं असतं, मेसोच. एरिथ्रोचा कुठलाही एनँशिओमर घ्या, मेसोच मिळतो. सुरुवातीच्या रेणूचं नाव तेवढं चुकलं असतं. म्हणून "पुढचं उत्तर जुळलं म्हणजे मागचं बरोबर" हेही धरून चालू नका.

बीकर_फोड्या
माझी चूक इतकी नशीबवान आहे की कुठेच पकडली जात नाही 😂 बाय द वे, मी कागदावर दुसरी पद्धत करून बघितली. मागचा कार्बन १८० ऐवजी घड्याळाच्या दिशेने ६० च फिरवला. मग Br बारावर, H चारवर, CH3 आठवर. त्याचं फिशर काढलं तर खाली उभ्या रेषेवर Br येतो, H उजवीकडे, CH3 डावीकडे. मग C2 चा बंध धरून ठेवून उरलेले तीन गट चक्राकार सरकवले, CH3 खाली, Br उजवीकडे, H डावीकडे. तेच उत्तर आलं. हे चालतं का?

निवृत्त_बाई
चालतं, एक गट धरून बाकीचे तीन चक्राकार फिरवणं म्हणजे बंधाभोवती फिरवणंच. पण तीनही सरकले पाहिजेत. दोनच सरकवलेस तर गेलं. परीक्षेत मी हे करू नको म्हणेन, एक पायरी वाढते आणि तिथे घाई होते.

बीकर_फोड्या
मला तरी हेच सोपं वाटतंय, टोकं शोधत बसायला नको.

निवृत्त_बाई
तुझी मर्जी. बीकर फोडू नकोस म्हणजे झालं.

कणिक_आणि_काड्या
एक विचारू का, C2 वर लिहायचा की C3 वर, यावरून मार्क कापतात का? मुलाच्या एका पेपरात १८० फिरवलेलं काढलं म्हणून अर्धा मार्क गेला होता.

निवृत्त_बाई
रेणू तोच असेल तर मी कधी कापला नाही. पद्धत अशी की लहान क्रमांकाचा कार्बन वर, पण ती पद्धत झाली, स्टिरिओकेमिस्ट्री नाही. दुसरे तपासनीस कापतात हे मात्र खरं, त्यांच्याशी वाद घालून झालाय माझा.

प्रोसेस_केमिस्ट_वापी
मी कापला असता. लिहिण्याची पद्धत पाळायला शिकवायलाच हवं, नाहीतर पुढे रिपोर्टमध्ये प्रत्येक जण वेगळ्या दिशेने काढतो.

शंकासुर_टीवाय
सगळ्यांना धन्यवाद. पुढचा प्रश्न स्वतः सोडवला, बघा बरोबर आहे का. पुढे C2 आधीसारखाच, CH3 बारावर, OH चारवर, H आठवर. मागे C3 वर CH3 दोनवर, Br सहावर, H दहावर. इथे टोकं शेजारी आहेत म्हणून १८० नाही, मागचा कार्बन घड्याळाच्या उलट ६० फिरवला: CH3 बारावर, Br चारवर, H आठवर. फिशरमध्ये OH उजवीकडे, Br उजवीकडे. न्यूमनवर वेगळं R/S काढलं, (2S,3R). फिशरवर पण (2S,3R).

म्हणजे हा पहिल्या प्रश्नातलाच रेणू आहे ना? क्लासच्या शीटवर "खालील दोन वेगळ्या संयुगांची" असं लिहिलंय.

निवृत्त_बाई
तोच आहे, फक्त फिरून बसलाय. शीटवर दुरुस्त करून घे.

प्रोसेस_केमिस्ट_वापी
आणि या दुसऱ्या बैठकीत OH चारवर आणि Br सहावर आहे, म्हणजे HBr च्या भागासाठी आधी पहिल्या चित्रासारखा फिरवून घे, नाहीतर बाण कुठून काढायचा ते कळणार नाही.